रिपोर्ट बुकातला 'गोंधळ'

लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलींना 'व्यवसायातील प्रश्न' या भागात चर्चेसाठी एक निबंध लिहावा लागतो. यंदाचा विषय होता, परिचारिकांवर कामाच्या ठिकाणी होणारी हिंसा: प्रतिबंध, तक्रार आणि आधार. वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि रात्री जेवणानंतर तपासायला बसले. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य थोड्याफार फरकानं होतं: 'परिचारिकेने रुग्णाच्या नातेवाइकांशी संयमाने व गोड शब्दांत बोलावे, म्हणजे असे प्रसंग टळतात.' मुलींचा दोष नाही. त्यांना आम्हीच हे शिकवलंय.

एका मुलीनं मात्र अर्धंच पान लिहिलं होतं. नांदेडकडची मुलगी. तिनं लिहिलं होतं, 'माझ्या फुप्फीला वॉर्डात मारलं होतं. तिनं घरी सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर नोकरी सोडायला लावली असती.' बाकी पान कोरं. मी तिला सगळ्यांत जास्त मार्क दिले. सहकारी बाईंनी विचारलं, निबंधात मुद्दे कुठं आहेत? मी म्हटलं, सगळे मुद्दे याच अर्ध्या पानात आहेत, बाकीच्यांच्या चार पानांत नाहीत.

हा लेख त्या कोऱ्या राहिलेल्या अर्ध्या पानासाठी आहे. आणि 'गोड बोला' हा सल्ला देणाऱ्या सगळ्यांच्या विरोधात आहे, त्यात दहा वर्षांपूर्वीची मीही आले.

माझं स्वतःचं आधी सांगते. 2014 चा हिवाळा. मराठवाड्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी अधिपरिचारिका होते, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात नाईट होती. वॉर्ड 40 खाटांचा, पेशंट 61. उरलेले 21 खाली गाद्यांवर, दोन खाटांच्या मध्ये, दाराशी. आम्ही दोघी स्टाफ, एक विद्यार्थिनी आणि एक मावशी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवताना मी आज फळ्यावर लिहिते की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात एका पाळीत साधारण 9 खाटांमागे 1 परिचारिका असावी. त्या हिशोबानं त्या रात्री आम्ही सात जणी असायला हव्या होत्या.

खाट नंबर 17 वर एक तरुण शेतकरी होता. फवारणीचं औषध प्यालेला. आमच्याकडं हे नवीन नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात काम केलेल्या सिस्टरला तो वास झोपेतही ओळखता येतो. या विषानं तोंडातून लाळ वाहते, अंगाला घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. थोड्या थोड्या मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी 80 च्या वर जाईपर्यंत. मग ड्रिप. दर थोड्या वेळानं काखेत हात घालून घाम वाळलाय का बघायचं, छाती ऐकायची, नाडी मोजायची. हे सगळं सिस्टर करते.

आता हेच नातेवाइकाच्या डोळ्यांनी बघा. माणूस घरून आणला तेव्हा बोलत होता. इंजेक्शनं सुरू झाली आणि तो लाल झाला, बडबडायला लागला, हवेत काहीतरी पकडायला लागला, सलाईन ओढायला लागला. अ‍ॅट्रोपिन थोडं जास्त झालं की असं होतंच. मग सिस्टर त्याचे हात बँडेजनं खाटेला बांधते, कारण नाही बांधले तर तो सुई उपसून टाकेल. नातेवाइकाला काय दिसतं? सिस्टरनं काहीतरी टोचलं, माणूस वेडा झाला, आणि तिनंच त्याला जनावरासारखं बांधलं. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. विष पोटात गेल्याचं दुःख, पोलिस केसची भीती, बाहेरून औषध आणायची चिठ्ठी, आणि त्यात हे दृश्य.

दुसरी गोष्ट याहून वाईट. या विषात पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरा वाटायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच, साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये, काही जणांचे स्नायू अचानक दुबळे पडतात. पहिली खूण साधी असते: त्याला उशीवरून डोकं उचलता येत नाही. मग श्वासाचे स्नायू थकतात. व्हेंटिलेटर मिळाला तर माणूस वाचतो, कारण ही अवस्था काही दिवसांत उतरते. नाही मिळाला तर जातो.

17 नंबरवाला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून बसून चहा प्याला होता. बायकोनं लेकरांना आणून दाखवलं होतं. रात्री दोनच्या राउंडला मी त्याला म्हटलं, दादा, जरा मान उचला. उचलता येईना. मी जेआरला फोन केला. तो कॅज्युअल्टीत दुसऱ्या पेशंटजवळ अडकलेला. आयसीयूत व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. जेआर आला, नळी घातली, आणि आम्ही अंबू बॅग दाबत बसलो. मी, विद्यार्थिनी, त्याचा भाऊ, आळीपाळीनं. उरलेले 60 पेशंट दुसऱ्या स्टाफवर. पहाटे 3:40 ला तो गेला.

जेआरनं नाडी पाहिली, केसपेपरवर वेळ लिहिली आणि त्याला पुन्हा कॅज्युअल्टीचा फोन आला. तो गेला. म्हणजे खाटेजवळ मी, आणि मला वेढून सात माणसं. त्यातला एक पुतण्या, वीस-बावीसचा, म्हणाला, "संध्याकाळी चहा पीत होता माणूस. रात्रीतून काय टोचलं तुम्ही?" मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात कानाखाली बसली. चष्मा खाली. मी हात वर केला तर त्यानं मनगट धरून पिरगळलं. मावशी किंचाळली, तेव्हा बाकीच्यांनी त्याला मागं ओढलं. सगळं मिळून एक मिनिट गेलं असेल.

मी किती गोड बोलायला हवं होतं? कोणत्या वेळी? कुणी सांगावं.

पुढचा एक तास मला त्या मिनिटापेक्षा जास्त स्पष्ट आठवतो. वरिष्ठ डॉक्टर आले. म्हणाले, "सिस्टर, जाऊ द्या. त्यांचं माणूस गेलंय." खरंच होतं ते. मलाही त्या मुलाचा राग नव्हता. मी चेहरा धुतला आणि औषधांचा राउंड पूर्ण केला. माझ्या मनगटाची तपासणी झाली नाही, एमएलसी झाली नाही. एमएलसी म्हणजे पोलिसांशी संबंध येईल अशा जखमेची रुग्णालयानं करायची नोंद. जे रुग्णालय रात्रभर दारू पिऊन पडलेल्यांच्या एमएलसी करत होतं, त्याला आपल्याच सिस्टरची करायचं सुचलं नाही. सकाळी आठला ओव्हर दिली तेव्हा रिपोर्ट बुकात मी माझ्याच हातानं लिहिलं: 'खाट क्र. 17 मयत. नातेवाइकांनी गोंधळ घातला.' थप्पड हा शब्द मी लिहिला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. गोंधळ हा शब्द तिथं आधीपासून होता, मागच्या पानांवर, इतर सिस्टरांच्या अक्षरात. मी तोच उचलला.

मॅडमच्या खोलीत पहिला प्रश्न आला, "तुम्ही काय बोललात त्यांना?" पोलिसांत जायचं का विचारलं तर उत्तर आलं, "जायचं तर तुमच्या जबाबदारीवर जा." घरी मी मनगटाबद्दल सांगितलं, कानाबद्दल नाही. अम्मी तेव्हा हयात होती. नाईट ड्युटीवर तिचा आधीच राग होता. मोहल्ल्यात आमच्या घरासमोरच्यांनी माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळीच विचारलं होतं, मुलगी रात्री परक्या माणसांच्या खाटा सांभाळणार का. त्यांना मी आयतं उत्तर का देऊ? हे फक्त मुसलमान घरांतलं नाही. माझ्या बरोबरीच्या मराठा, लिंगायत, बौद्ध मैत्रिणींनीही घरी जिनेच सांगितले, पाय घसरल्याचे. पण आपल्या घरांतून मुली आत्ता कुठं या पेशात यायला लागल्यात, म्हणून आपल्याला हे जास्त लागू आहे. मुलीनं वॉर्डातली मार घरी सांगितली आणि घरानं 'सोड ती नोकरी' म्हटलं, तर त्या घरानं मारणाऱ्याच्याच बाजूनं निकाल दिला.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहा. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसा रोखण्याचा कायदा आहे. त्यात डॉक्टरबरोबर परिचारिकाही येतात. हिंसा म्हणजे फक्त जखम नव्हे. धमकावणं आणि कामात अडथळा आणणं हेही त्यात धरलंय. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड, मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे 2014 च्या त्या पहाटे हा कायदा चार वर्षांचा झालेला होता आणि वॉर्डाच्या भिंतीवर त्याचा बोर्डही असावा, अशा बोर्डांवर सहसा धूळ असते म्हणून मला आठवत नाही. कायदा अपुरा पडला असं म्हणता येत नाही. तो वापरण्याआधीच एका शब्दानं त्याला निकामी केलं, आणि तो शब्द मी लिहिला होता.

लोक विचारतात, एवढ्यातेवढ्याचं काय लिहायचं? त्यांना अरुणा शानबाग आठवावी. परळच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तळघरात तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. साडेएकेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयात खाटेवर होती, 18 मे 2015 ला गेली. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यानपिढ्या तिला सांभाळलं, आणि त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. कागदाचं मात्र कमी जण बोलतात. तिच्यावर लैंगिक अत्याचारही झाला होता, पण तो गुन्हा नोंदलाच गेला नाही, बदनामी नको म्हणून. खटला चालला तो चोरीचा आणि जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून तो बाहेर पडला. जे लिहिलं नाही त्याचा खटला होत नाही. माझी थप्पड आणि तिचं आयुष्य यांची तुलना मी करत नाही, पण दोन्हीकडं लेखणी सारखीच चालली. तिच्या अब्रूच्या नावाखाली संस्थेची अब्रू सांभाळली गेली.

आणि हेही त्यातूनच दिसतं की मारणारा नेहमी बाहेरचा नातेवाईक नसतो. तो वॉर्डबॉय असतो, चिडून ट्रे भिरकावणारा सर्जन असतो, वरिष्ठ सिस्टरही असते. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

आपल्याकडच्या अलीकडच्या दोन घटना घेते. जुलै 2020 मध्ये लातुरात एका खासगी रुग्णालयात कोरोनानं आई गमावलेल्या कुटुंबातल्या माणसानं डॉक्टरवर चाकूनं वार केले. राज्यभर बातमी झाली, डॉक्टरांची संघटना उभी राहिली, गुन्हा दाखल झाला. व्हायलाच हवं होतं. पण त्या काळात त्याच शहरांतल्या कोविड वॉर्डांत, नातेवाइकांच्या शिव्या आणि धक्के दिवसातून किती वेळा सिस्टरांच्या वाट्याला आले? डॉक्टरवरचा हल्ला ही बातमी होते कारण त्याच्यामागं संघटना आणि वकील असतो, आणि तो स्वतः कागद लिहितो. सिस्टरवरचा हल्ला ड्युटीचा भाग धरला जातो.

दुसरी घटना नांदेडची. ऑक्टोबर 2023 मध्ये विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यातली 12 नवजात बाळं. आधी त्या आयांपुढं मान खाली घालते, मगच पुढचं लिहिते. त्यांचा राग खरा होता आणि त्यांना उत्तर मिळायला हवं होतं. पण उत्तर द्यायला कोण आलं? हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन, कॅमेऱ्यासमोर, संडास साफ करायला लावला. नंतर खासदारांवर सरकारी कामात अडथळा आणल्याचा आणि अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. एका मयत बाळंतिणीच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळ नाही, औषधं नाहीत ही कारणं चालणार नाहीत असं सरकारला सुनावलं.

तो झाडूचा व्हिडिओ मराठवाड्यातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. मी तो कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पाहिला. माझ्या शेजारची बाई हसली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. त्या व्हिडिओनं गावोगावच्या पुतण्यांना एक धडा दिला: रुग्णालयात माणूस मेला की समोर जो सापडेल त्याला वाकवायचं, आणि ते करताना शूटिंग करायचं. अधिष्ठाता दिवसा सापडतो. रात्री 3:40 ला सिस्टर सापडते. पदं रिकामी ठेवणारं सरकार मुंबईत असतं, तिथं कुणाचा हात पोचत नाही.

म्हणून प्रतिबंधाबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: सिस्टरच्या जिभेपासून सुरुवात करू नका. 17 नंबरच्या नातेवाइकांना पहिल्या दिवशी पाच वाक्यं सांगायला हवी होती. औषधानं तो बडबडेल, ते औषध लागू होण्याचं लक्षण आहे. आम्ही त्याचे हात बांधू, सुई निघू नये म्हणून. दोन दिवसांनी त्याला बरं वाटेल, पण चार दिवस होईपर्यंत धोका आहे. श्वास थकला तर मशीन लागेल. आज आमच्याकडं मशीन रिकामं नाही, तुम्हाला दुसरीकडं न्यायचं असेल तर आत्ता सांगा. ही वाक्यं डॉक्टरनं सांगायची, ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, घरातल्या एका ठरवलेल्या माणसाला, आणि केसपेपरवर त्याची सही घ्यायची. शेवटचं वाक्य सांगायला सगळ्यांत अवघड असतं, म्हणून ते टाळलं जातं, आणि तेच पुढं थप्पड होऊन सिस्टरच्या कानाखाली येतं. रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं, नातेवाइकांशी बोलणं हेच त्यांचं काम. पण ते ऑफिसच्या वेळेत भेटतात. मरण ऑफिसची वेळ पाळत नाही.

मृत्यू सांगण्याचीही एक पद्धत आहे. डॉक्टरनं सांगावं आणि सांगून निघून जाऊ नये. सिस्टरनं एकटीनं उभं राहू नये, आणि तिच्या पाठीशी भिंत नको, दार हवं. राग चढताना दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या आपत्कालीन विभागांतल्या अभ्यासातून त्याच्या पाच खुणा नोंदल्या गेल्या, टक लावून बघणं, आवाज चढणं, अस्वस्थता, पुटपुटणं, येरझाऱ्या. नव्या मुलींना मी या खुणा शिकवते, पण सोबत हेही सांगते की खूण ओळखून बोलवायचं कुणाला, हे आधी ठरलेलं नसेल तर ओळखून उपयोग नाही. त्या रात्री पुतण्या अर्धा तास येरझाऱ्या घालत होता. मी पाहिलं होतं. माझे दोन्ही हात अंबू बॅगवर होते.

आणि गर्दी. इथं मला आपल्याच लोकांशी बोलायचंय. आजाऱ्याची इयादत करणं सवाबाचं काम आहे, हे मलाही लहानपणी शिकवलंय. पण पेशंटजवळ एकाच वेळी अकरा माणसं, खाटेवर बसलेली, डबे उघडलेले, शेजारच्या खाटेवरचा माणूस शेवटचे श्वास घेतोय आणि आपण मामूंना व्हिडिओ कॉल लावलाय, याला इयादत म्हणायचं का? पेशंटच्या शेजाऱ्याला त्रास देऊन कसला सवाब? जत्रेसारखी गर्दी करणारी इतर समाजांतली कुटुंबंही मी भरपूर पाहिलीत, पण त्यांना त्यांच्यातल्यांनी सांगावं. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावानं इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले, तेव्हा कुठं सरकारनं सुरक्षा मंडळाचे रक्षक आणि पेशंटमागं दोन पास, असं मान्य केलं. दोन पास. पासवाल्या रक्षकाशी दारात भांडणारा माणूस 'मी अमक्या नगरसेवकाचा' असं म्हणतो, आणि रक्षक बाजूला होतो. ज्यांच्या नावानं दार उघडतं ते नगरसेवक आपल्याही मोहल्ल्यातले असतात.

आता तक्रारीबद्दल, कारण मुलींना हे कुणी शिकवत नाही. त्याच पहाटेचं उदाहरण घेऊन मी वर्गात फळ्यावर मांडते.

सगळ्यात आधी स्वतःची तपासणी, आणि एमएलसी. ती आठ वाजता नाही, तेव्हाच, कारण सूज आणि वळ उतरतात. मग लेखी निवेदन. त्यात 'गोंधळ', 'गैरवर्तन', 'हुज्जत' हे शब्द नकोत. लिहायचं असं: पहाटे 3:45 च्या सुमारास, खाट क्र. 17 जवळ, मयत रुग्णाच्या पुतण्यानं उजव्या हातानं माझ्या डाव्या कानाखाली मारलं, चष्मा फुटला, डावं मनगट पिरगळलं. तो काय बोलला, त्याच शब्दांत. त्या वेळी हजर कोण, विद्यार्थिनी आणि मावशी, त्यांची नावं. मारणाऱ्याचं नाव माहीत नाही, हे तक्रार न करण्याचं नेहमीचं कारण असतं. पण भरतीच्या कागदावर नातेवाइकाची सही, पत्ता आणि मोबाईल नंबर असतो. रुग्णालयाकडं माणूस शोधायला लागणारं सगळं आधीच असतं. कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं त्याच दिवशी लेखी मागायचं आणि पोच घ्यायची.

त्यानंतर पोलिस. इथं माझा सगळ्यांत मोठा वाद आहे. फिर्याद सिस्टरनं का द्यावी? ती ड्युटीवर होती, संस्थेचं काम करत होती, मार तिला संस्थेच्या वतीनं बसला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या खुनानंतर, 16 ऑगस्ट 2024 ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं केंद्र सरकारच्या रुग्णालयांना आदेश काढला: कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर जास्तीत जास्त 6 तासांत संस्थेच्या नावानं एफआयआर दाखल करायची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. मला हे 6 तास नांदेड-लातूरच्या प्रत्येक रुग्णालयात हवेत, सरकारी असो की खासगी. 'तुमच्या जबाबदारीवर जा' हे वाक्य त्यानं कायमचं बंद होईल. आणि पोलिस ठाण्यानं नोंद घेतली नाही, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलिस अधीक्षकांकडं लेखी जाता येतं, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचं नाही.

हात लावण्याचा, अश्लील बोलण्याचा प्रकार असेल तर 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे. तक्रारीला मुदत 3 महिन्यांची. पुष्कळ मुलींना वाटतं की ही समिती फक्त सहकाऱ्यांविरुद्ध असते. तसं नाही, कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसापासून संरक्षण देणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी त्या कायद्यात लिहिलेली आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

माझ्या बाजूतला कच्चा दुवाही सांगते. 11 महिन्यांच्या कंत्राटावरची सिस्टर, बंधपत्रित सिस्टर, खासगी दवाखान्यात आठ हजारांवर राबणारी मुलगी, यांना हे सगळं पाठ असलं तरी त्या लिहिणार नाहीत. कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही हे ठरवणारा आणि तक्रार पुढं पाठवणारा एकच माणूस असतो. माझ्याकडं याचं पूर्ण उत्तर नाही. म्हणूनच फिर्याद तिच्या नावानं नको, संस्थेच्या नावानं हवी असं मी म्हणते. आणि एक शंका नेहमी येते: दुःखानं भान हरपलेल्या गरीब पोराला अजामीनपात्र गुन्ह्यात अडकवायचं का? मलाही तो पुतण्या तुरुंगात नको होता. पण माफ करायचा हक्क माझा होता. माझ्या वतीनं परस्पर माफ करणारे डॉक्टर कोण? आधी नोंद, मग माफी. नोंदच नसेल तर त्याला माफी म्हणता येत नाही, ती विस्मृती असते, आणि पुढच्या महिन्यात व्हेंटिलेटर किती हवेत हे सांगणारा एक कागदही तिच्यासोबत जातो.

आधार या शब्दावर निबंधांत 'समुपदेशन' असं लिहिलेलं असतं. असू दे. पण मला त्या पहाटे समुपदेशक नको होता. मला हवं होतं की कुणीतरी म्हणावं, सिस्टर, तुम्ही बसा, राउंड आम्ही पूर्ण करतो. मला त्या दिवसाची पगारी रजा हवी होती, माझ्या शिल्लक रजेतून कापलेली नव्हे. चष्म्याचे पैसे हवे होते. पोलिस ठाण्यात माझ्यासोबत येणारा संस्थेचा माणूस हवा होता, आणि आठवडाभर त्या वॉर्डात नाईट नको होती. यातलं एकही खर्चिक नाही. त्याऐवजी मला प्रश्न मिळाला, तुम्ही काय बोललात. मी दुसऱ्या रात्री त्याच वॉर्डात हजर झाले. 17 नंबरवर नवा पेशंट होता, तोही औषध प्यालेला, आणि त्याचे हात बांधायला मी दहा मिनिटं उशीर केला. त्यानं सलाईन उपसलं. नातेवाईक बघत होते म्हणून माझे हात पुढं होत नव्हते. सिस्टरला मार बसतो तेव्हा पुढच्या पेशंटचं काय होतं, ते मी असं शिकले.

ज्या रुग्णालयप्रमुखांना हे सगळं अतिरंजित वाटतंय, त्यांनी एक करावं. गेल्या वर्षाची सगळ्या वॉर्डांची रिपोर्ट बुकं मागवावीत आणि 'गोंधळ' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजावं. मग ज्या सिस्टरांच्या अक्षरात तो आहे त्यांना एकेकीला बोलावून, दार लावून, विचारावं की त्या रात्री नेमकं काय झालं होतं. त्यांनी काय बोललं होतं ते विचारू नये.